‘मला’ कधी ‘आय’ होतो? दोन कर्मांच्या प्रश्नाचा पॅसिव्ह मुलांना समजावताना



पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. पण ज्यांच्या घरी सध्या ‘चेंज द व्हॉइस’चा गृहपाठ चालू आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. शेवटी सरावाची वाक्यं उत्तरांसकट दिली आहेत.

आम्ही मस्कतला असतो. लेक नववीत आहे, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत. आखातातल्या बऱ्याच जणांकडे हेच चित्र असणार. इंग्लंडमधल्या मंडळींकडे पॅसिव्ह त्याहून आधीच भेटतो, इयर सिक्सच्या व्याकरणात. पण तिथली वाक्यं साधी असतात, कुत्र्याने चेंडू पकडला, चेंडू कुत्र्याकडून पकडला गेला, अशी. ती मुलं झोपेतही करतात. खरी गोची होते ती तीन गोष्टी एकाच वाक्यात आल्या की. वाक्य प्रश्नार्थक, त्यात कर्मं दोन, आणि वर कॅन, शुड, मे, मस्ट, विल यांच्यापैकी एखादं मोडल. उदाहरणार्थ हे बघा:

“शुड द टीचर गिव्ह रोहन अनदर चान्स?”

आमच्या इमारतीत मी संध्याकाळी चार-पाच मराठी मुलांना एकत्र बसवते. हे वाक्य दिलं की उत्तरं अशी येतात: “शुड टू रोहन बी गिव्हन अनदर चान्स?”, “शुड रोहन गिव्हन अनदर चान्स?”, “शुड रोहन is गिव्हन...” छापाचं काहीतरी, आणि एखाद्याचं “रोहन शुड बी गिव्हन अनदर चान्स”, म्हणजे प्रश्नच गायब. मुलांना तिसरं रूप येत नाही असं नाही. गिव्ह, गेव्ह, गिव्हन सगळ्यांना पाठ आहे. अडचण दुसरीकडे आहे, आणि माझ्या मते ती आपल्या मराठीत आहे. म्हणूनच ती आपणच नीट उलगडून दाखवू शकतो. शाळेतल्या बाईंना ती दिसत नाही, कारण वर्गात मल्याळी, तमिळ, गुजराती, सगळीच मुलं असतात.

मराठीत ‘ला’ हलत नाही

हे वाक्य घ्या: “आजीनं मला गोष्ट सांगितली.” आता यातली आजी काढून टाका. “मला गोष्ट सांगितली गेली.” बघा, ‘मला’ जागचा हलला नाही. तो आधीही ‘मला’ होता, आताही ‘मला’च आहे. “मी गोष्ट सांगितलो गेलो” असं मराठीत कुणी म्हणणार नाही. ज्याला काही मिळतं, दिलं जातं, सांगितलं जातं, त्याच्या मागचा ‘ला’ मराठी वाक्य कितीही उलटंपालटं केलं तरी सुटत नाही.

इंग्रजीत मात्र तो सुटतो. “ग्रँडमा टोल्ड मी अ स्टोरी” याचं “आय वॉज टोल्ड अ स्टोरी” होतं. मला गोष्ट मिळाली, पण वाक्यात मी थेट कर्त्याच्या खुर्चीवर जाऊन बसले. ‘मी’ऐवजी ‘आय’. आणि इंग्रजीला दुसरीही वाट आहे: “अ स्टोरी वॉज टोल्ड टू मी.” इथे गोष्ट खुर्चीवर बसली, आणि मी ‘टू’ लावून मागे गेले.

म्हणजे मराठीच्या एका पॅसिव्हला इंग्रजीत दोन पॅसिव्ह आहेत. आपलं मूल डोक्यात “रोहनला संधी दिली जावी का?” असा विचार करतं, त्या ‘ला’चं ‘टू’ करतं आणि तो ‘टू रोहन’ पहिल्या जागेवर ठेवून मोकळं होतं. “शुड टू रोहन बी गिव्हन” हे इथून येतं. एकदा हे मुलाला दाखवलं की पुढचं निम्मं काम होतं. त्याला सांगायचं एवढंच: इंग्रजीत जो पुढे बसेल, त्याचा ‘ला’ गळतो. जो मागे राहील आणि माणूस असेल, त्याला ‘टू’ लागतो.

आता तेच वाक्य सावकाश

“शुड द टीचर गिव्ह रोहन अनदर चान्स?” आम्ही हे चार पायऱ्यांत करतो. वहीत चारही ओळी लिहायच्या, निदान पहिला आठवडाभर.

पहिली पायरी, प्रश्न मोडून साधं वाक्य करायचं: “द टीचर शुड गिव्ह रोहन अनदर चान्स.” प्रश्नचिन्हासकट पॅसिव्ह करायला गेलं की मुलांच्या हातातून काहीतरी एक निसटतंच. आधी प्रश्न बाजूला ठेवायचा, शेवटी परत आणायचा.

दुसरी पायरी, कर्मं शोधायची, आणि ती मराठीत प्रश्न विचारून शोधायची. काय द्यायचं? अनदर चान्स. कोणाला द्यायचा? रोहनला. ‘काय’चं उत्तर ते प्रत्यक्ष कर्म, ‘कोणाला’चं उत्तर ते अप्रत्यक्ष कर्म. आपण शाळेत हेच शिकलो होतो, आणि ते इंग्रजी वाक्यालाही चालतं. ‘डायरेक्ट ऑब्जेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट ऑब्जेक्ट’ यांत गोंधळणारं मूल ‘काय’ आणि ‘कोणाला’ यांत गोंधळत नाही.

तिसरी पायरी, दोघांपैकी एकाला खुर्चीवर बसवायचं. मोडल जसंच्या तसं ठेवायचं. त्याच्यानंतर ‘बी’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. रोहनला बसवलं तर: “रोहन शुड बी गिव्हन अनदर चान्स बाय द टीचर.” संधीला बसवलं तर: “अनदर चान्स शुड बी गिव्हन टू रोहन बाय द टीचर.”

चौथी पायरी, प्रश्न परत आणायचा. त्यासाठी एकच शब्द उचलायचा, मोडल, आणि तो सगळ्यांच्या पुढे ठेवायचा. ‘बी’ला हात लावायचा नाही, तो आपल्या जागी तिसऱ्या रूपाला चिकटून राहतो.

“शुड रोहन बी गिव्हन अनदर चान्स बाय द टीचर?”
“शुड अनदर चान्स बी गिव्हन टू रोहन बाय द टीचर?”

ओळीने लिहायचं तर साचा असा: मोडल, नवा कर्ता, बी, तिसरं रूप, उरलेलं कर्म. पण साचा आधी पाठ करायला लावू नका. चार पायऱ्या चार-सहा वेळा केल्या की मूल स्वतःच म्हणतं, “आई, हे दरवेळी सारखंच येतंय.” तेव्हा साचा लिहायचा.

मोडल असलेलं वाक्य खरं तर साध्या वाक्यापेक्षा सोपं आहे. “डिड द टीचर गिव्ह रोहन अ चान्स?” इथे ‘डिड’ टाकून द्यावा लागतो, ‘वॉज’ आणावा लागतो, काळ सांभाळावा लागतो. मोडलमध्ये यातलं काहीच नाही. ‘बी’ कायम ‘बी’च. इज, वॉज, आर यांपैकी काही होत नाही. एकवचन असो, अनेकवचन असो. मुलांना हे सांगितलं की ती जरा सैलावतात. फक्त मोडलच्या मागे ‘हॅव’ असेल तर ‘बी’चा ‘बीन’ होतो. “शुड दे हॅव टोल्ड अस द डेट?” याचं “शुड वी हॅव बीन टोल्ड द डेट?” इथे ‘अस’चा ‘वी’ झाला तेही दाखवा. खुर्ची बदलली की कपडे बदलतात: मी-आय, अस-वी, हिम-ही, हर-शी, देम-दे. “शुड अस हॅव बीन टोल्ड” असं लिहिणारी मुलं ही ‘आम्हाला’ हा शब्द डोक्यात धरून बसलेली असतात. पुन्हा तोच न हलणारा ‘ला’.

दोन्ही उत्तरं बरोबर असतात

यावरून घरोघरी वाद होतात, म्हणून थोडं थांबते. लेकीच्या एका चाचणीत असंच वाक्य होतं. तिनं वस्तू पुढे बसवून उत्तर लिहिलं, “शुड अनदर चान्स बी गिव्हन टू...” असं. उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात माणूस पुढे होता. मार्क कापला गेला. घरी येऊन म्हणाली, “आई, यात चुकीचं काय आहे ते सांग.” चुकीचं काहीच नव्हतं. आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या रेन अँड मार्टिनमध्येही हेच म्हटलं आहे, की दोन कर्मं असतील तर दोघांपैकी कोणतंही कर्म पॅसिव्हचा कर्ता होऊ शकतं आणि दुसरं तसंच राहतं. तिला ते पान दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना नम्रपणे विचारलं, बाईंनी पान वाचलं आणि वर्गातल्या सगळ्यांचीच ती उत्तरं ग्राह्य धरली. त्या बाईंबद्दल मला आदरच वाटला.

तरीही व्यवहार म्हणून मुलांना दोन गोष्टी सांगून ठेवा. प्रश्नात “बिगिन विथ” असं म्हणून पहिला शब्द दिला असेल तर निवड तुमची नाही, जो दिलाय त्यालाच बसवा. काही दिलं नसेल तर माणसाला पुढे बसवा. दोन्ही बरोबर असली तरी रोजच्या इंग्रजीत माणूस पुढे असलेलं वाक्य जास्त कानावर पडतं, आणि त्यात ‘टू’ विसरण्याची भीतीच नसते. वस्तू पुढे बसवली तर ‘टू’ नक्की तपासायचा. “शुड अनदर चान्स बी गिव्हन रोहन?” असं वाक्य जुन्या पुस्तकांत सापडेल, पण आज ते कानाला अडखळतं.

‘हू’ आणि ‘व्हॉट’ने सुरू होणारे प्रश्न

पुढची पायरी इथे आहे. “हू विल टीच अस मॅथ्स?” आम्हाला गणित कोण शिकवणार? इथे ‘हू’ स्वतःच कर्ता आहे. पॅसिव्हमध्ये कर्ता ‘बाय’च्या मागे जातो, म्हणून “बाय हूम”. मग मोडल, मग नवा कर्ता: “बाय हूम विल वी बी टॉट मॅथ्स?” दुसरी वाट: “बाय हूम विल मॅथ्स बी टॉट टू अस?” मुलांना मराठीत विचारायला सांगा: “कोणाकडून आम्हाला गणित शिकवलं जाईल?” ‘कोणाकडून’ आलं म्हणजे ‘बाय हूम’. बोलताना मात्र इंग्रज माणूस “हू विल वी बी टॉट मॅथ्स बाय?” असं ‘बाय’ शेपटीला लावून म्हणेल. तेही बरोबर. परीक्षेत पहिलं लिहा.

‘व्हॉट’ वेगळा वागतो. “व्हॉट शुड वी गिव्ह द गेस्ट्स?” पाहुण्यांना काय द्यावं? इथे ‘व्हॉट’ कर्ता नाही, कर्म आहे, ‘काय’चं उत्तर मागणारं. कर्ता ‘वी’ आहे. आता दोन वाटा बघा. पाहुण्यांना खुर्चीवर बसवलं तर “व्हॉट शुड द गेस्ट्स बी गिव्हन?” आणि ‘व्हॉट’लाच बसवलं तर “व्हॉट शुड बी गिव्हन टू द गेस्ट्स?” दुसऱ्या वाक्यात मोडलनंतर कुणीच नाही, कारण कर्ता आधीच पुढे येऊन बसलाय. बरीच मुलं इथे रिकामी जागा बघून घाबरतात आणि तिथे ‘इट’ भरतात. “व्हॉट शुड इट बी गिव्हन...” ते इट पुसायचं.

आता खरी गंमत: अर्थही बदलतो

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, हे सगळं मार्कांपुरतं. मलाही शाळेत असंच वाटायचं. पण परदेशात राहायला लागल्यावर याच वाक्यांचा उपयोग कुठे होतो ते सांगते.

गेल्या वर्षी सासूबाई तीन महिने आमच्याकडे होत्या. त्यांना रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली होती आणि तिने त्यांचे पाय सुजत होते. मी कामावर होते, म्हणून लेक त्यांच्यासोबत औषधाच्या दुकानात गेली. आजी मराठीत बोलणार, नात इंग्रजीत सांगणार, हे आपल्या सगळ्यांच्या घरी चालतं. आजी म्हणाल्या, “विचार गं त्यांना, मला दुसरी गोळी देता येईल का?” लेकीनं विचारलं, “कॅन यू गिव्ह हर अ डिफरंट टॅब्लेट?” औषधवाल्याने लगेच मान हलवली. नाही, चिठ्ठीशिवाय मी देऊ शकत नाही. उत्तर बरोबरच होतं, कारण प्रश्न त्याच्याबद्दल होता. तुम्ही देऊ शकता का? नाही.

पोरगी हुशार. तिनं तोच प्रश्न उलटवला: “कॅन शी बी गिव्हन अ डिफरंट टॅब्लेट?” आता प्रश्नातला ‘तुम्ही’ गेला. त्याने चिठ्ठी पाहिली आणि समजावून सांगितलं, की हो, या गटातल्या काही गोळ्यांनी पाय सुजू शकतात, दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या असतात, पण बदल डॉक्टरच करतील, स्वतःहून ही बंद करू नका, आजच फोन करा. आम्ही संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आजींना तपासायला बोलावलं आणि गोळी बदलून दिली.

दोन्ही वाक्यांत ‘कॅन’ तोच. पण ‘कॅन’ हा शब्द ज्याच्या शेजारी बसतो त्याच्या क्षमतेबद्दल किंवा परवानगीबद्दल बोलतो. कर्ता बदलला की क्षमता कोणाची हे बदलतं. “कॅन यू टीच हिम चेस?” म्हणजे तुम्हाला शिकवता येईल का. “कॅन ही बी टॉट चेस?” म्हणजे तो शिकण्याजोगा आहे का. दुसरं वाक्य एखाद्या मुलाबद्दल त्याच्यासमोर विचारलं तर चांगलंच लागेल. हे मुलांना सांगा. पॅसिव्ह म्हणजे तेच वाक्य वेगळ्या कपड्यांत, असं पुस्तक म्हणतं. मोडल असलेल्या प्रश्नात ते नेहमी खरं नसतं.

‘विल’चंही तसंच. “विल यू लेंड मी युअर कंपास?” ही विनंती आहे. तिचं “विल आय बी लेंट युअर कंपास?” केलं की विनंती उडाली, आणि उरली फक्त भविष्याची चौकशी. म्हणून काही पुस्तकांत अशा वाक्यांचं उत्तर “यू आर रिक्वेस्टेड टू लेंड मी युअर कंपास” असं देतात. मुलाला ते उत्तर दिसलं आणि गोंधळलं तर सांगा, तिथे साच्यापेक्षा विनंतीचा अर्थ जपलाय.

याउलट ‘शुड’ आणि ‘मस्ट’ उलटवताना अर्थ फारसा हलत नाही. “शुड वी गिव्ह द चाइल्ड मिल्क?” आणि “शुड द चाइल्ड बी गिव्हन मिल्क?” या दोन्हींत दूध द्यावं की नाही हाच प्रश्न आहे.

आणि इथे एक चूक फार महाग पडू शकते: ‘बी’ गाळणं. “शुड शी बी गिव्हन द टॅब्लेट?” म्हणजे त्यांना गोळी द्यावी का. “शुड शी गिव्ह द टॅब्लेट?” म्हणजे त्यांनी गोळी द्यावी का. रुग्ण होती ती देणारी झाली. समोरचा समजूतदार असेल तर ओळखून घेईल. फोनवर, घाईत, नवख्या नर्सशी बोलताना त्या ‘बी’वर विसंबावंच लागतं. मूल वाक्य बरोबर करतंय का हे तपासायची सोपी खूण हीच: वाक्य मराठीत परत सांगायला लावा आणि विचारा, देणारा कोण, घेणारा कोण?

आपली मराठी इथे मदतीलाही येते. कर्ता लपवून विचारायची आपल्याला जन्मजात सवय आहे. “देता येईल का?” म्हणजे कॅन बी गिव्हन. “द्यायला हवी का?” म्हणजे शुड बी गिव्हन. “द्यावीच लागेल का?” म्हणजे मस्ट बी गिव्हन. “दिली तर चालेल का?” म्हणजे मे बी गिव्हन. यातल्या एकाही मराठी वाक्यात देणारा कोण ते सांगितलेलं नाही. म्हणून मुलांना मराठीत असा बिनकर्त्याचा प्रश्न विचारा आणि इंग्रजी करायला सांगा. त्यांना पॅसिव्ह करतोय हे कळायच्या आत पॅसिव्ह झालेला असतो. यातून मराठीही कानावर पडते हा आपला फायदा वेगळाच.

कुठे हा साचा लावायचा नाही

एक शेवटचा मुद्दा, कारण इथे मुलांपेक्षा आपण मोठे जास्त घसरतो. ऑफिसच्या मेलमध्ये “आय वॉज नॉट एक्स्प्लेन्ड द रूल” किंवा “कॅन वी बी एक्स्प्लेन्ड द प्रोसेस?” असं आपल्याकडे सर्रास दिसतं. मराठीत “मला नियम सांगितला” आणि “मला नियम समजावला” एकसारखे आहेत, म्हणून टेलला जे चालतं ते एक्स्प्लेनला चालणार असं वाटतं. इंग्रजीत तसं नाही.

तपासणी सोपी आहे. ॲक्टिव्ह वाक्यात क्रियापदानंतर माणूस ‘टू’शिवाय लगेच बसतो का ते बघा. “गिव्ह मी”, “टेल मी”, “शो मी”, “टीच मी”, “सेंड मी”, “लेंड मी”, “ऑफर मी”, सगळे बसतात. म्हणून यांच्यात माणूस कर्ता होऊ शकतो. “एक्स्प्लेन मी”, “सजेस्ट मी”, “डिस्क्राइब मी” असं चालत नाही, “एक्स्प्लेन द रूल टू मी” असंच म्हणावं लागतं. म्हणून इथे एकच पॅसिव्ह: “कॅन द रूल बी एक्स्प्लेन्ड टू अस?” माणूस खुर्चीवर बसूच शकत नाही.

तिसरा गट आहे बाय म्हणजे विकत घेणे, मेक, कुक यांचा. “कॅन डॅड बाय मी अ सायकल?” इथे माणूस लगेच बसतो, पण “कॅन आय बी बॉट अ सायकल?” कानाला विचित्र वाटतं, जणू मलाच कुणी विकत घेतंय. इथे वस्तूच पुढे बसवा, आणि ‘टू’ नाही, ‘फॉर’ लावा: “कॅन अ सायकल बी बॉट फॉर मी?” खूण अशी की मराठीत जिथे ‘माझ्यासाठी’ म्हणावंसं वाटतं तिथे ‘फॉर’.

आणि ‘बाय’ शेवटी लावायचा की नाही? ॲक्टिव्ह वाक्यात कर्ता नावानिशी असेल, द टीचर, द डॉक्टर, तर परीक्षेत लावा. वी, यू, दे, पीपल, समवन असेल तर बहुतेक वेळा गाळा. “बाय अस” आणि “बाय यू” लावून वाक्य चुकत नाही, फक्त जड होतं.

या वीकेंडला करून बघा

पाच वाक्यं देते. आधी मुलांना चार पायऱ्यांनी करू द्या, मग खालची उत्तरं दाखवा.

१. “कॅन द नर्स गिव्ह द बेबी धिस सिरप?”
२. “मस्ट वी शो द गार्ड आवर टिकेट्स?”
३. “हू कुड लेंड देम अ कार?”
४. “व्हॉट शुड आय टेल द प्रिन्सिपल?”
५. “कुड द क्लर्क एक्स्प्लेन द फॉर्म टू ग्रँडमा?”

उत्तरं अशी.

१. “कॅन द बेबी बी गिव्हन धिस सिरप बाय द नर्स?” किंवा “कॅन धिस सिरप बी गिव्हन टू द बेबी बाय द नर्स?”
२. “मस्ट द गार्ड बी शोन आवर टिकेट्स?” किंवा “मस्ट आवर टिकेट्स बी शोन टू द गार्ड?” बरीच मुलं इथे ‘शोड’ लिहितात. आज पॅसिव्हमध्ये ‘शोन’ वापरा.
३. “बाय हूम कुड दे बी लेंट अ कार?” किंवा “बाय हूम कुड अ कार बी लेंट टू देम?” पहिल्यात ‘देम’चा ‘दे’ झाला, दुसऱ्यात ‘देम’च राहिला. का, ते मुलाला सांगू द्या.
४. “व्हॉट शुड द प्रिन्सिपल बी टोल्ड?” किंवा “व्हॉट शुड बी टोल्ड टू द प्रिन्सिपल?” इथे पहिलंच जास्त नैसर्गिक वाटतं. टेलला माणूस जवळ लागतो.
५. “कुड द फॉर्म बी एक्स्प्लेन्ड टू ग्रँडमा बाय द क्लर्क?” एकच उत्तर. मुलाने “कुड ग्रँडमा बी एक्स्प्लेन्ड” असं लिहिलं तर रागावू नका. ‘एक्स्प्लेन मी’ चालतं का, एवढंच विचारा. बाकीचं ते स्वतः खोडेल.

तुमच्या मुलांना यातलं कोणतं वाक्य अडलं ते कळवा. त्यावरून पुढच्या आठवड्यात सरावाची आणखी वाक्यं तयार करते.